३० सेकंदांत मावतं तेवढंच लिही

"मॅडम, माझं बीकॉम झालंय, निपाणीत आमचं चपलांचं दुकान आहे ते आता मीच बघतो. इन्स्टावर ३० सेकंदांचा ओळखीचा व्हिडिओ टाकायचाय. 'आमच्या येथे सर्व प्रकारची दर्जेदार पादत्राणे उपलब्ध आहेत' असं एक पान लिहून पाठ केलं, पण मोबाइल समोर आला की दुसऱ्याच वाक्याला अडकतो. काय करू?"

अरे, अडकणारच, हे वाक्य तू आजवर एकाही गिऱ्हाइकाला बोलला नसशील. पाटीवर ठीक आहे ते, तोंडात बसत नाही. आणि निवांत बोललं तर ३० सेकंदांत साधारण ६० शब्द होतात, पानभर मजकूर घेतलास तर पळत सुटशील आणि शेवटचे शब्द गिळशील. मी असं लिहीन, अमुकच्या जागी तुझं नाव घाल:

"नवी कोल्हापुरी चावते म्हणून घरात तशीच पडलीय का? मी अमुक, निपाणीत आमचं चपलांचं दुकान आहे. कोल्हापुरी चामड्याची, पहिले काही दिवस कडक लागणारच. म्हणून आम्ही पाय बघून माप देतो, घट्ट वाटलं तर पट्टा सैल करून देतो. आधी घरातच रोज तासभर घाला, मग बाहेर काढा. चावणारी चप्पल असेल तर घेऊन या, बघून सांगतो. बसस्टँडजवळ, सोमवार सोडून कधीही या."

नाव दुसऱ्या वाक्यात ठेवलंय, कारण नुसत्या नावासाठी कोण थांबत नाही, चावणाऱ्या चपलेसाठी थांबतो. शाळेचे बूट, स्पोर्ट्स शूज यात कोंबू नकोस, त्यांचा वेगळा व्हिडिओ कर. आणि पट्टा खरंच सैल करून देत असशील तरच ते वाक्य ठेव, नाहीतर पहिलंच गिऱ्हाईक येऊन भांडेल. पत्ता, सुट्टीचा वार तुझा घाल.

आता पाठ करू नकोस. एकेक वाक्य वेगळं रेकॉर्ड कर, बोलायच्या आधी आणि नंतर सेकंदभर गप्प राहा, म्हणजे कापताना शब्द तुटत नाही. चुकलं तर तेवढंच वाक्य परत. मग कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये जोड, आणि एक वाक्य थोडं जवळून, पुढचं थोडं लांबून घेतलंस की जोड खटकत नाही. कागद बघून वाचलंस तर बुबुळं सरकतात, लगेच कळतं. सेल्फी कॅमेऱ्यात तर आपण स्वतःचा चेहराच बघत बसतो आणि नजर खाली गेलेली दिसते, म्हणून लेन्सच्या शेजारी छोटा स्टिकर लाव नि त्याच्याशी बोल. तोंड दुकानाच्या दाराकडे ठेव, उजेड चेहऱ्यावर पडू दे, पाठीमागून आला तर काळा दिसशील.

तुझी निम्मी गिऱ्हाइकं कन्नड बोलत असतील तर त्यांच्यासाठी दुसरा व्हिडिओ कर, एकातच दोन्ही भाषा घालू नकोस, दोघांनाही अर्धाच कळेल. मराठीवरून शब्दाला शब्द लावू नकोस, दुकानातल्या कुणा कन्नड बोलणाऱ्याला हीच चावणारी चप्पल त्याच्या पद्धतीनं सांगायला लाव आणि ते देवनागरीत उतरवून घे.