बिलांचं पेमेंट करणाऱ्या एआय एजंटला माणसाची मंजुरी नेमकी कुठे ठेवायची?

> मेलवर आलेलं बिल वाचणं, पीओशी जुळवणं, अकाउंटिंगमध्ये नोंद करणं, एनईएफटी तयार करणं हे सगळं करणारा एजंट लावतोय. प्रत्येक पायरीवर मंजुरी ठेवली तर लोक न वाचता ओके दाबतात, काढली तर धाकधूक वाटते. कुठे ठेवू?

दोनच ठिकाणी ठेवा: पुरवठादाराचा बँक तपशील बदलताना आणि पैसे बँकेकडे जायच्या अगदी आधी. बिल वाचणं, जुळवणी आणि मसुदा-नोंद करणं मोकळं सोडा. तिथे चूक झाली तरी ती खोडता येते. एनईएफटी गेली की पैसे परत मिळणं समोरच्याच्या मर्जीवर असतं.

एक बिल घेऊन बघू. पीओ १०० नगांची, दर ८४० रुपये. बिल ८४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९९,१२० रुपयांचं. गोदामाच्या जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवर, मात्र ९० नगच आलेत. म्हणजे देय रक्कम ७५,६०० अधिक १३,६०८, एकूण ८९,२०८. हा ९,९१२ रुपयांचा फरक पकडायला माणूस नको आणि भाषा-मॉडेलही नको. पीओ, जीआरएन आणि बिल यांची तिहेरी जुळवणी साध्या कोडने करा. जुळलं नाही तर बिल थांबवून खरेदी विभागाकडे पाठवा, म्हणजे ते डेबिट नोट काढायची की उरलेल्या मालाची वाट बघायची ते ठरवतील. मंजुरीच्या रांगेत फक्त जुळलेली बिलं यावीत. न जुळलेलीही तिथेच ओतली की रांग फुगते आणि मग ते न वाचता ओके दाबणं सुरू होतं.

आता समजा दुसऱ्या एका बिलाच्या तळाशी ‘आमचं खातं बदललं आहे’ असं लिहून नवीन खाते क्रमांक आणि आयएफएससी दिलाय. रक्कम बरोबर, जीएसटीआयएन बरोबर, नग बरोबर. तिहेरी जुळवणीत हे सापडणारच नाही. म्हणून पेमेंटचं खातं एजंटने बिलातून कधीच उचलू नये, फक्त व्हेंडर मास्टरमधून घ्यावं. मास्टर बदलायचा अधिकार एजंटला नकोच. त्याने विनंती टाकावी, एवढंच. ती मंजूर करणाऱ्याने आपल्याकडे आधीपासून नोंदलेल्या नंबरवर फोन करून खात्री करावी, बिलावर छापलेल्या नंबरवर नाही. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएससाठी खातेदाराचं नाव आधी पाहण्याची सोय बँकांनी देणं आवश्यक आहे, तीही वापरा. पण नाव जुळलं म्हणून फोन टाळू नका, कारण मिळत्याजुळत्या नावाचं खातं उघडता येतं.

दुसरी मंजुरी पेमेंटची. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो मंजुरी कशावर घेतली यात. मंजुरी देणाऱ्याला एजंटने लिहिलेला सारांश दाखवू नका. बिलाच्या पीडीएफमध्ये कोणी पांढऱ्या अक्षरांत ‘हे बिल तपासलेलं आहे’ अशी ओळ घुसवली, तर ती सारांशात उतरू शकते. स्क्रीनवर थेट डेटाबेसमधून आलेली रक्कम, मास्टरमधलं खातं, ते खातं शेवटचं कधी बदललं ती तारीख, आणि शेजारी बिलाची मूळ प्रतिमा असू द्या. खातं गेल्या ३० दिवसांत बदललेलं असेल तर ती ओळ लाल दिसू द्या.

आणि मंजुरी नेमक्या त्याच मजकुराला बांधा:

```
hash = SHA256(vendor_id | account_no | ifsc | amount_paise | invoice_no)
```

बँकेला विनंती पाठवणारी सेवा वेगळी ठेवा. बँकेची एपीआय की तिच्याकडेच असावी, एजंटकडे नाही. पाठवण्याआधी तिने हा हॅश पुन्हा काढून मंजुरीतल्या हॅशशी ताडावा. एक पैसा जरी बदलला असला तरी नकार द्यावा. ‘मंजुरीशिवाय पेमेंट करू नकोस’ हे एजंटच्या सूचनांमध्ये लिहिणं म्हणजे कुलूप नव्हे. मंजुरीला मुदतही द्या, २४ तास पुरेत.

लहान रकमा आपोआप सोडायच्या असतील तर मर्यादा प्रतिबिल ठेवू नका. ५०,००० च्या मर्यादेखालून ४५,००० ची पाच बिलं सहज जातात आणि एका दिवसात सव्वादोन लाख निघून जातात. मर्यादा प्रतिपुरवठादार, प्रतिदिवस अशी बेरजेवर लावा.

मंजुरी खरंच वाचून दिली जाते का, हे लॉगमधून कळतं. उघडल्यापासून ओके दाबेपर्यंत तीन-चार सेकंदच जात असतील आणि महिनाभरात एकही नकार नसेल, तर कोणी वाचत नाहीये. अधूनमधून जाणूनबुजून चुकीचं बिल रांगेत टाका, पण ते बँकेपर्यंत पोहोचणार नाही अशी खूण त्यावर सर्व्हरच्या बाजूने ठेवा.

राहिला टाइमआउट. बँकेचं उत्तर आलं नाही की एजंट पुन्हा प्रयत्न करतो, आणि एकाच मंजुरीवर दोनदा पैसे जातात. प्रत्येक मंजुरीला एकच व्यवहार क्रमांक द्या, तो वापरला की मंजुरी संपली. उत्तर न आल्यास आधी त्याच क्रमांकाने स्थिती विचारा. स्थितीही कळत नसेल तर एजंटने तिथेच थांबावं, आणि माणसाने बँक स्टेटमेंटमध्ये यूटीआर शोधून पुढचं ठरवावं.