ज्युनियरची तीच ती चूक आणि ऑफिसचा ग्रुप

प्रश्न : मी सीएच्या आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षात आहे. माझ्या हाताखालची ज्युनियर तीन महिने जीएसटीच्या ३बी विवरणाच्या वर्किंगमध्ये पुरवठादारांच्या बिलांच्या २बी यादीऐवजी २ए यादीतले क्रेडिट धरते आणि शीट थेट ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकते. मागच्या वेळी मी ग्रुपवरच "पुन्हा तेच?" असे लिहिले. तेव्हापासून ती ग्रुपवर काही विचारतच नाही. तिला कसे सांगू?

उत्तर : ग्रुपवर जे चुकते तो एक आकडा असतो आणि तो सर्वांसमोर दुरुस्त होणे गरजेचेच असते, कारण त्या शीटवरून दुसरे कोणीतरी क्लायंटला चलनाची रक्कम कळवणार असते. ती चूक कितव्यांदा झाली, हा विषय मात्र तुमचा आणि तिचा आहे. तुमच्या दोन शब्दांतील "पुन्हा" हा शब्द तिला लागला असणार. आकड्याची दुरुस्ती त्यात कुठेच नव्हती.

आधी घड्याळ पाहावे. ३बी भरायच्या २० तारखेला अवकाश असेल, तर ग्रुपवर काहीच लिहू नये. तिला फोन करावा आणि सुधारित शीट तिनेच टाकावी, असे सांगावे. स्वतःची दुरुस्ती स्वतः टाकणाऱ्याची पत जात नाही. जुना संदेश मात्र पुसायला लावू नये, कारण संदेश पुसल्याची खूण मागे राहते आणि काय पुसले याचीच चर्चा होते. फाईलच्या नावात "सुधारित" आणि तारीख घातली की पुरते. तासाभरात क्लायंटला रक्कम जाणार असेल, तर थांबता येणार नाही. तेव्हा असे लिहावे : "ऑगस्टच्या वर्किंगमध्ये क्रेडिट २,१४,६०० ऐवजी १,८७,६०० धरावे. २७,००० चे एक बिल पुरवठादाराने १६ सप्टेंबरला दाखवले आहे, ते सप्टेंबरच्या २बीमध्ये येईल. सुधारित शीट सोबत आहे, जुनी वापरू नये." यात तिचे नाव नाही, प्रश्नचिन्ह नाही, मागच्या महिन्याचा उल्लेख नाही, पण कोणाला काय करायचे ते पूर्ण कळते. संदेश टाकण्यापूर्वी तिला अर्ध्या मिनिटाचा फोन जरूर करावा, म्हणजे स्वतःची चूक तिला ग्रुपवरून कळणार नाही.

आता तीनदा तेच का घडते, याकडे वळू. २बी १४ तारखेला तयार होते आणि पुरवठादाराने ११ तारखेनंतर दाखवलेली मासिक विवरणातील बिले तिच्यात येत नाहीत, ती पुढच्या महिन्यात जातात. २ए मात्र बदलत राहते. १७ तारखेला उघडली तर १६ तारखेचे बिलही ऑगस्टच्या नावाने दिसते आणि क्रेडिट जास्त भरते. हा फरक तिला ठाऊक नसेलच असे गृहीत धरू नये. तिच्या शेजारी बसावे, पोर्टल उघडावे आणि "तू कशी करतेस ते दाखव," एवढेच म्हणून ती कुठे क्लिक करते ते पाहावे. मध्ये बोलू नये. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याला अशाच दहा मिनिटांत उलगडा झाला होता : त्याच्या ज्युनियरला आधीच्या आर्टिकलने दिलेल्या चेकलिस्टमध्ये "२ए डाउनलोड करणे" असे लिहिलेले होते, आणि तो मुलगा दर महिन्याला ती ओळ प्रामाणिकपणे पाळत होता. २बीमध्ये नसलेले क्रेडिट घेता येत नाही, हा नियम जानेवारी २०२२ पासून लागू आहे. कागद मात्र त्याआधीचा राहिला होता. कधी कारण आपल्याच घाईत असते : वर्किंग १२ तारखेला मागितले, तर तिच्यापाशी २बी असणारच नाही, आणि १४ नंतर आकडे बदलायला तिला कोणी सांगितलेले नसते.

कारण सापडले की शीटमध्ये क्रेडिटच्या वर "२बी तयार झाल्याची तारीख" असा एक रकाना घालावा, जो भरल्याशिवाय शीट पुढे जाणार नाही. पुढचे दोन महिने तिची शीट १७ तारखेपर्यंत आधी तुमच्याकडे यावी, मग ग्रुपवर. आणि दोन्ही महिने बरोबर आले की ही व्यवस्था बंद करावी, नाहीतर तीही शिक्षाच वाटू लागते. सरांनाही हे आधीच, एकट्याने भेटून सांगावे, म्हणजे काही राहिले तर ते तुम्हाला विचारतील.

एवढे करूनही चौथ्यांदा तेच झाले, तर प्रकरण सरांपर्यंत न्यावे लागेल. ३बीतील क्रेडिट २बीपेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे जास्त झाले की क्लायंटला पोर्टलवरून डीआरसी-०१सी ही फरकाची सूचना येते आणि उत्तर ऑफिसला द्यावे लागते. पण जाण्यापूर्वी तिला सांगून जावे.

राहिले तुमचे "पुन्हा तेच?". त्याबद्दल तिची क्षमा प्रत्यक्ष भेटून मागावी. ग्रुपवर मागितली तर ती पुन्हा सर्वांच्या नजरेत येते. चूक चेकलिस्टची निघाली, तर मात्र ग्रुपवर लिहावे : "आपल्या जुन्या चेकलिस्टमध्ये २ए लिहिलेले होते. मी ते बदलून २बी केले आहे, सर्वांनी नवी प्रत वापरावी."