फ्लेश-किनकेडचा ‘ग्रेड’ आणि पाचवीचा वर्ग

प्रश्न : पाचवीच्या वाचन चाचणीसाठी दोन मराठी उतारे काढलेत. फ्लेश-किनकेड सूत्र हाताने मोजून लावलं. मनाविषयीचा छोट्या वाक्यांचा उतारा दुसरी-तिसरीचा निघाला आणि आजीच्या अंगणाची गोष्ट विसाव्या इयत्तेच्या आसपास! माझी मोजणी चुकली का? की गोष्टच सोपी करून लिहू?

उत्तर :

ताई, मोजणी बहुतेक बरोबर आहे. गोष्टीला हात लावू नका. मी एकोणीस वर्षं चौथी-पाचवीला मराठी शिकवलंय आणि चाचण्यांसाठी उतारे निवडण्याचं काम त्यातली बरीच वर्षं केलंय. असे उलटे आकडे मलाही आले होते. ते का येतात हे एकदा कागदावर मांडून पाहिलं की सूत्राकडून काय मागायचं आणि काय नाही हे लख्ख होतं.

सूत्र असं आहे :

```
ग्रेड = ०.३९ × (शब्द ÷ वाक्ये) + ११.८ × (उच्चारातली अक्षरे ÷ शब्द) − १५.५९
```

तुमचे उतारे माझ्यापुढे नाहीत, म्हणून त्याच धाटणीचे दोन तुकडे घेते. पहिला : “मन हे मोठे गूढ. ते जड नव्हे. ते दिसत नाही. पण ते आहे. जे जाणते, ते मन. जे जाणले जाते, ते जग.” यात ६ वाक्यं, २२ शब्द. अक्षरं लिपीतली नाही, उच्चारातली मोजायची. ‘मन’ लिहिताना दोन अक्षरं दिसतात, पण आपण ते एका दमात ‘मन्’ म्हणतो, म्हणून एक. तशी ३० भरतात. एका वाक्यात सरासरी ३.६७ शब्द, एका शब्दात १.३६ अक्षरं. सूत्रात घातलं की ग्रेड येतो १.९, म्हणजे दुसरी.

दुसरा : “आजीच्या घरासमोर चिंचेचं झाड होतं. दुपारी शेजारची पोरं झाडाखाली जमायची. वाऱ्यानं पडलेल्या चिंचा वेचायची आणि मिठाबरोबर खायची.” ३ वाक्यं, १७ शब्द, ४८ अक्षरं. वाक्याला ५.६७ शब्द, शब्दाला २.८२ अक्षरं. ग्रेड येतो १९.९.

आता हा वीस कुठून आला ते बघा. वाक्याच्या लांबीतून फक्त २.२ आले. उरलेलं सगळं दुसऱ्या पदातून, ११.८ गुणिले २.८२, म्हणजे ३३च्या वर. आणि शब्द लांब का झाले? आपली भाषा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटवून लिहिते म्हणून. इंग्रजीत ‘विथ सॉल्ट’ हे दोन सुटे शब्द, प्रत्येकी एक अक्षर. आपलं ‘मिठाबरोबर’ हा एक शब्द, पाच अक्षरं. ‘घरासमोर’ चार, ‘झाडाखाली’ चार. इंग्रजीत लांब शब्द बहुधा कमी वापरातला, पुस्तकी असतो, म्हणून तिथे अक्षरांची संख्या अवघडपणाची खूण म्हणून बऱ्यापैकी चालते. मराठीत ‘झाडाखाली’ हा शब्द बालवाडीतलं पोर बोलतं, आणि ‘गूढ’ हा एका अक्षराचा शब्द पाचवीतल्या पोराला कोड्यात टाकतो. शब्दाची लांबी आणि त्याची ओळख यांची जी जोडी या सूत्रानं गृहीत धरलीय, ती आपल्याकडे जमतच नाही.

०.३९, ११.८ आणि १५.५९ हे आकडे भाषेचे नियम नव्हेत, हेही लक्षात घ्या. १९७५ साली किनकेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अमेरिकन नौदलासाठी काढले. नौदलातल्या ५३१ जणांना प्रशिक्षणाच्या पुस्तिकांमधले उतारे वाचायला दिले आणि त्यांच्या आकलनाशी जुळतील असे गुणक बसवले. वाचणारे प्रौढ, मजकूर यंत्रांचा आणि कामकाजाचा, भाषा इंग्रजी. त्या जगात हे सूत्र उपयोगी पडलं आणि आजही पडतं. पण त्यातून येणारा ‘ग्रेड’ म्हणजे अमेरिकन शाळेतली इयत्ता. तो आपल्या पाचवीच्या बाकावर आणून ठेवायला मधे कुठलाच पूल नाही. मराठीसाठी वेगळे गुणक काढता येतील, त्यासाठी मराठी मुलांचं आकलन मोजावं लागेल. इंग्रजीचे गुणक तसेच उचलून चालणार नाहीत.

समजा, मराठीसाठी नवे गुणक काढले, तरी दोन गोष्टी सुटणारच, आणि निवड करताना त्याच सगळ्यात महत्त्वाच्या असतात.

पहिली, वाक्यांमधला सांधा. ‘गोष्ट सोपी करून लिहू का’ असं तुम्ही विचारलंत, म्हणून हे जरा सावकाश सांगते. हे वाक्य घ्या : “विहिरीला पाणी असूनही गावात टँकर येत होता, कारण ते पाणी पिण्याजोगं नव्हतं.” कोणी म्हणेल, लांब झालं, तोडा. तोडल्यावर : “विहिरीला पाणी होतं. गावात टँकर येत होता. ते पाणी पिण्याजोगं नव्हतं.” सूत्राच्या दृष्टीनं मजकूर सोपा झाला. आता मुलाच्या जागी बसून वाचा. ‘ते पाणी’ कोणतं? विहिरीचं की टँकरचं? सगळ्यात जवळचा उल्लेख टँकरचा, म्हणून बरीच मुलं टँकरचं पाणी खराब होतं असं समजतात आणि गोष्टीचा अर्थच उलटा होतो. ‘असूनही’ आणि ‘कारण’ हे दोन शब्द मुलाला हाताला धरून नेत होते, तेच आपण काढून टाकले. १९८२ साली डेव्हिसन आणि कँटर यांनी सूत्राच्या हिशोबानं सोपे करून लिहिलेले इंग्रजी उतारे मुळाशी ताडून पाहिले, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. वाक्यं तोडताना नाती तुटली होती आणि कळणं काही ठिकाणी उलट कठीण झालं होतं.

म्हणून पुनर्लेखन करायचंच असेल तर वाक्याची लांबी मोजत बसू नका. ‘तो’, ‘ते’, ‘त्यामुळे’ ही पदं कुणाकडे बोट दाखवतात ते पाचवीच्या मुलाला ठरवता येतंय का, एवढं प्रत्येक ठिकाणी तपासा. त्यासाठी एखादं वाक्य वाढलं तर वाढू द्या.

दुसरी गोष्ट, मूल काय जाणतं. सूत्र मजकूर मोजतं, वाचणाऱ्याला मोजत नाही. त्यामुळे एकच उतारा गावातल्या आणि शहरातल्या दोन्ही पाचवींना एकच आकडा घेऊन जातो. मी एकदा पेरणीवरचा उतारा दोन शाळांत दिला होता, एक निफाड तालुक्यातली, दुसरी नाशिक शहरातली. त्यात वाक्य होतं, “वाफसा आला की पेरणी सुरू होते.” सहा शब्द, सगळे छोटे. गावातल्या मुलांना हे शिकवायची गरजच नव्हती. पाऊस पडून गेल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, अशी पेरता येईल इतपत ओली झाली की वाफसा, हे त्यांनी घरी दरवर्षी ऐकलेलं. शहरातल्या मुलांनी ‘वाफसा’ म्हणजे जमिनीतून निघणारी वाफ असा अर्थ लावला. मग पुढचा सगळा परिच्छेद त्या वाफेभोवती फिरवून घेतला. वाचनात ती मुलं मागे नव्हती, उतारा न अडखळता मोठ्यानं वाचून दाखवत होती.

यावर रेक्ट आणि लेस्ली यांचा १९८८ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळाची चांगली माहिती असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळाबद्दल अजाण असलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. बेसबॉलच्या जागी क्रिकेट घ्या, आपल्याही वर्गात हेच दिसेल. ‘फॉलोऑन’ हा एक शब्द अर्ध्या वर्गाला पुढे नेतो आणि अर्ध्याला तिथेच थांबवतो.

मग उतारा ठरवायचा कसा? मी रिकाम्या जागांची चाचणी घेते. विल्सन टेलर यांनी १९५३ साली ती मांडली. साधारण २५० शब्दांचा भाग घ्यायचा, पहिलं वाक्य जसंच्या तसं ठेवायचं, त्यानंतर दर पाचवा शब्द गाळायचा. सगळ्या रेघा सारख्याच लांबीच्या ठेवा, नाहीतर मुलं रेघ बघून शब्द ताडतात. हजेरीपटातल्या विषम क्रमांकांना एक उतारा, सम क्रमांकांना दुसरा, आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल. मग दोन्ही उताऱ्यांचे गुण त्याच वर्गाचे मिळतात.

गुण देताना मात्र मराठीत एक अडचण येते. मूळ पद्धतीत नेमका तोच शब्द लिहिला तरच गुण. वरच्या गोष्टीत ‘मिठाबरोबर’ गाळला तर कोणी ‘मिठासोबत’ लिहील, कोणी ‘मिठासंगं’, कोणी रेघेवर दाटीवाटीनं ‘मीठ लावून’. तिघांनाही गोष्ट कळलीय. मी अशा उत्तरांना गुण देते, ऱ्हस्व-दीर्घही बघत नाही. पण अशी सूट दिली की इंग्रजी पुस्तकांत दिलेल्या मर्यादा, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या खाली अवघड आणि साठच्या वर स्वतः वाचण्याजोगं अशा धर्तीच्या, लावता येत नाहीत, कारण त्या नेमक्या शब्दाच्या गुणांवर बेतलेल्या आहेत. म्हणून टक्केवारी फक्त तुमच्या दोन उताऱ्यांची आपसात तुलना करायला वापरा. त्याहून जास्त कळतं ते कुठली रेघ बहुतेकांनी चुकवली यावरून. तिथेच तुमचा ‘वाफसा’ असतो.

मनाच्या उताऱ्यावर ही चाचणी फसूही शकते. “जे जाणते, ते ____.” इथे मुलं ‘मन’ लिहितील, कारण तो शब्द वर पहिल्याच ओळीत आलेला आहे. अर्थ कळला म्हणून लिहिला असं नाही. म्हणून चाचणीनंतर सहा मुलं वेगळी घ्या, दोन पटपट वाचणारी, दोन मधली, दोन अडखळणारी. उतारा वाचून झाला की कागद पालथा ठेवायचा आणि म्हणायचं, “जो हे वाचायला नव्हता, त्याला सांग बघू यात काय होतं.” चिंचेची गोष्ट मुलं स्वतःच्या शब्दांत सांगतात, मधे आपल्या घरचं झाडही घुसडतात. मनाच्या उताऱ्यावर, माझा अनुभव असा, की पाठ झालेली एक-दोन वाक्यं तशीच म्हणतात आणि थांबतात.

सूत्रातला पहिला भाग, वाक्यातले शब्द, मी अजूनही एका कामासाठी मोजते. मी स्वतः लिहिलेल्या उताऱ्यात सरासरी नऊ-दहा शब्दांची वाक्यं असताना मधेच एखादं तीस शब्दांचं निघालं, तर त्या वाक्याकडे परत जाते. बऱ्याचदा तिथे माझाच विचार गुंतलेला असतो. अक्षरांचा भाग मराठीसाठी सोडूनच द्या.

तुमचा मनाचा उतारा टाकून देऊ नका, चाचणीत मात्र घेऊ नका. वर्गात बोलत बोलत वाचायला तो चांगला आहे, एकेका वाक्यावर थांबून. चाचणीला गोष्ट घ्या. आजीच्या अंगणात काय काय आहे ते मला माहीत नाही. पण वृंदावन, न्हाणी, उखळ असलं काही असेल आणि तुमची शाळा फ्लॅटमधल्या मुलांची असेल, तर हे शब्द चाचणीच्या आधी मुलांना तोंडी विचारून बघा आणि चाचणीत त्यांवर प्रश्न ठेवू नका.