मुलाखतीनंतर नकार कसा कळवावा?

प्रश्न: जळगावात आमची डाळ मिल आहे. अकाउंटंटच्या एका जागेसाठी चौघांच्या मुलाखती घेतल्या. उरलेल्या तिघांना कसं कळवू, की पुढे बोलावलं तर येतील?

निवडलेल्याचा लेखी होकार आला की त्याच दिवशी तिघांना वेगवेगळं पत्र पाठवा. एकच मेल तिघांना गेला तर नावं एकमेकांना दिसतात. नकार दुसऱ्याच वाक्यात यावा. आधी कौतुकाचा परिच्छेद आला की माणूस निवड झाली असं धरून वाचतो, आणि मग जास्त लागतं.

समजा, एक ताई भुसावळहून आल्या होत्या. त्यांना असं लिहा:

"नमस्कार ताई, भुसावळहून दोनदा मुलाखतीला आलात, आभारी आहोत. या जागेसाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. जीएसटीचं काम स्वतः सांभाळलेलं कुणी आम्हाला लगेच हवं होतं. स्टॉकच्या हिशोबावरची तुमची उत्तरं पक्की होती. दिवाळीनंतर स्टोअरमध्ये जागा निघणार आहे, चालणार असेल तर कळवा, आधी तुम्हाला फोन करू."

कारण एकच द्या, कामाशी जोडलेलं. शेवटचं वाक्य मात्र जागा खरंच निघणार असेल तरच ठेवा. 'अर्ज जपून ठेवू' एवढ्या शब्दावर लोक महिनोन्महिने फोनची वाट पाहतात.