व्यापारी तोडणीआधीच म्हणाला, माल उचलणार नाही: पुढे काय करावे?

प्रश्न: वरुड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. आंबिया बहार जुलैत टनाच्या भावाने व्यापाऱ्याला दिला, चिठ्ठी केली, इसार घेतला. तोडणी डिसेंबरात ठरली आहे. आता ऑक्टोबरात तो फोनवर म्हणतो, भाव पडले, मी माल उचलणार नाही. दुसऱ्याला विकू का, की डिसेंबरपर्यंत थांबू? इसार परत द्यावा लागेल का?

उत्तर: दुसऱ्याला विकायला हरकत नाही, पण त्याआधी व्यापाऱ्याला लेखी पत्र गेले पाहिजे. पत्र न देता बगीचा दुसऱ्याला दिलात, तर तो उद्या सांगेल की मी फक्त भाव कमी करायला म्हटले होते, सौदा तर तुम्हीच मोडला. आणि फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसेल, तर त्याचे म्हणणे खोडून काढणे अवघड जाईल.

झाडावरचे फळ करारानुसार तोडून न्यायचे असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तो 'माल' आहे आणि आपल्या सौद्याला १९३० चा मालविक्री अधिनियम लागू होतो. माल देण्याची तारीख येण्यापूर्वीच एका पक्षाने करार नाकारला, तर त्या अधिनियमाचे कलम ६० दुसऱ्या पक्षाला दोन मार्ग देते: करार चालू आहे असे धरून तारखेपर्यंत थांबावे, किंवा करार संपला असे धरून नुकसानभरपाई मागावी. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम ३९ हेच तत्त्व सर्व करारांना लावते, परंतु एक अट घालते: आपण शब्दांनी किंवा वागण्याने करार चालू ठेवायला संमती दिली असेल, तर त्या नकाराच्या आधारावर करार संपवता येत नाही. म्हणून नकार ऐकल्यानंतरही 'बरं, डिसेंबरात पाहू' असे बोलू नये.

व्यापारी जे बोलला तो खरोखर नकार आहे का, हे आधी तपासावे. 'भाव परवडत नाही, टनामागे थोडे कमी करा' ही घासाघीस झाली. 'ठरलेल्या भावाने मी माल उचलणारच नाही' हा नकार झाला. शंका असेल तर त्याला व्हॉट्सॲपवर साधे विचारावे की चिठ्ठीतल्या भावाने आपण माल उचलणार आहात की नाही, सात दिवसांत कळवा. उत्तर न देणे म्हणजे आपोआप नकार ठरत नाही, पण आधीच्या फोनसोबत ते मौन आपली बाजू बळकट करते. तो 'नाही' असे लिहून पाठवील, तर मग वादाला जागाच उरत नाही.

आता थांबण्याविषयी, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. थांबलो म्हणजे आपले काही गेले नाही, असे वाटते. पण थांबल्याने करार दोघांसाठीही जिवंत राहतो. व्यापाऱ्याला मन बदलून माल उचलण्याची संधी मिळते, ही चांगली बाजू. वाईट बाजू अशी की मधल्या काळात करार पाळणे अशक्य करणारे काही घडले, तर त्याचा फायदाही त्यालाच मिळतो. १८५५ च्या एका इंग्रजी खटल्यात ओडेसा बंदरात जहाज माल भरण्यासाठी उभे होते. भाड्याने घेणाऱ्याचा माणूस वारंवार सांगत होता की माल नाही, निघून जा. कप्तान मुदतीच्या आशेने थांबला. मुदत संपण्यापूर्वीच इंग्लंड आणि रशियाचे युद्ध सुरू झाले, तिथून माल उचलणे बेकायदा ठरले आणि भाडेकरू जबाबदारीतून सुटला. आपल्याकडे युद्धाची गरज नाही, नोव्हेंबरातली एक गारपीट पुरे. माल व्यापाऱ्याच्या जोखमीवर जाण्याआधी, कोणाचाही दोष नसताना तो नष्ट झाला, तर मालविक्री अधिनियमाच्या कलम ८ नुसार करारच संपतो. व्यापारी मोकळा होतो आणि घेतलेली रक्कम परत करण्याची वेळ आपल्यावर येते. नकार वेळीच स्वीकारला असता, तर ही पाळी आली नसती. संत्र्यासारख्या, झाडावर उभ्या आणि नाशवंत मालात मी थांबण्याचा सल्ला देत नाही.

करार संपवायचा असेल, तर पत्र असे असावे: 'आपण दिनांक अमुक रोजी चिठ्ठीतल्या भावाने माल उचलण्यास नकार दिला आहे. आपला नकार स्वीकारून मी हा करार आजपासून संपवत आहे. माल मी वाजवी भावाने इतरत्र विकीन आणि त्यात होणारे नुकसान व खर्च आपणाकडून वसूल करीन.' पत्र स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावे आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाकावा. ते त्याच्या हाती पडेपर्यंत तो नकार मागे घेऊ शकतो. एकदा पडले की 'चला, उचलतो माल' म्हणण्याचा त्याचा हक्क उरत नाही.

त्यानंतर विकायला उशीर करू नये. करार अधिनियमाच्या कलम ७३ चे स्पष्टीकरण पाहता, नुकसान कमी करण्याचे जे उपाय आपल्या हाती होते तेही मोजले जातात; माल झाडावरच गळू दिला, तर तेवढी भरपाई मिळणार नाही. दोन-तीन व्यापाऱ्यांकडून भाव लिहून घ्यावेत आणि त्या आठवड्याचे बाजार समितीतले भाव जपून ठेवावेत, म्हणजे ओळखीच्या माणसाला स्वस्तात विकले असा आरोप टिकणार नाही.

हिशेबासाठी आकडे धरू. सौदा ३० टनांचा, ३२,००० रुपये टनाने, म्हणजे ९,६०,००० रुपये. इसार १,५०,००० रुपये. पत्र दिल्यानंतर तोच माल २५,५०० रुपये टनाने गेला, तर टनामागे ६,५०० रुपये, एकूण १,९५,००० रुपये नुकसान. नव्या विक्रीसाठी दलालाला १०,००० रुपये द्यावे लागले, तर तेही जोडावे: २,०५,००० रुपये. त्यातून हातातला इसार वजा करून ५५,००० रुपयांची मागणी उरते. इसारही जप्त आणि पूर्ण २,०५,००० रुपयेही वेगळे, अशी दुहेरी मागणी करू नये.

याउलट भाव चढून माल ३४,००० रुपयांनी गेला, तर नुकसान नाही. अशा वेळी चिठ्ठीत काय लिहिले आहे ते महत्त्वाचे. सौदा पाळण्याची हमी म्हणून घेतलेली वाजवी रक्कम सौदा मोडणाऱ्याला गमवावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ च्या मौला बक्ष प्रकरणात मानले. पण रक्कम किमतीपोटी आगाऊ घेतलेली असेल, तर ती नुकसानापुरतीच ठेवता येते आणि बाकी परत करावी लागते. चिठ्ठीत नुसते 'ॲडव्हान्स' लिहिले असेल, तर ती किमतीतली रक्कम ठरण्याची शक्यता अधिक, म्हणून पैसे परत करण्याआधी चिठ्ठी वकिलाला दाखवावी.

व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नयेत आणि तो मोबाइलही विकू नये. न्यायालयात छापील प्रत देताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. सौद्याच्या वेळी हजर असलेल्यांची नावे आत्ताच लिहून ठेवावीत. दावा लावण्याची मुदत तीन वर्षे आहे. ती नकाराच्या दिवसापासून मोजावी, म्हणजे चूक होणार नाही. करार जिथे झाला किंवा जिथे पाळायचा होता तिथल्या दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो, त्यामुळे व्यापारी परप्रांतातला असला तरी त्याच्या गावी जाण्याची गरज नाही.