संकल्पात गोत्र सांगताना: लग्न झालेल्या बाईने कोणतं सांगावं?

इंदूरकडे गुरुजी हिंदी भाषक असले की थेट विचारतात, ‘गोत्र बोलिए’. अशा वेळी घाईत ‘देशस्थ’ किंवा ‘ऋग्वेदी’ सांगू नका. ती पोटजात आणि शाखा झाली. आडनावावरूनही गोत्र ठरत नाही, सगळे कुलकर्णी एका गोत्राचे नसतात.

लग्नानंतर स्वतःच्या संकल्पात सासरचंच गोत्र सांगायचं. समजा माहेर भारद्वाज, सासर वत्स. हरतालिकेला संकल्प ‘वत्सगोत्रा’ असा होईल. बरेच गुरुजी सवयीने ‘गोत्रोत्पन्ना’ म्हणतात, पण त्याचा अर्थ त्या गोत्रात जन्मलेली. सुनेला नुसतं ‘गोत्रा’ जास्त नेमकं. कागदोपत्री माहेरचं आडनाव ठेवलं असलं तरी यात फरक पडत नाही.

गोंधळ होतो तो वडिलांच्या नावाने तर्पण करताना. तिथे दोन गोत्रं येतात: करणारी वत्स, वडील भारद्वाज. आईचं गोत्रही भारद्वाजच, कारण तिचं सासर तेच. आईच्या वडिलांचं मात्र त्यांचं स्वतःचं, म्हणजे आईच्या माहेरचं. गुरुजींनी एकदाच विचारलं, तर सगळ्यांना एकच गोत्र लागून जातं. म्हणून आधीच कागदावर नाव, नातं आणि गोत्र अशी ओळ प्रत्येकाची लिहून द्या, देवनागरीत. इंग्रजी अक्षरांत ‘वत्स’चं ‘वात्स’ वाचलं जातं.

लग्नात नाव बदललं असेल, तर कोणतं घ्यायचं ते तुम्हीच ठरवून सांगा. आडनाव संकल्पात सहसा लागत नाही. गोत्र माहीतच नसेल, तर काश्यप सांगायची रीत आहे, पण आधी सासूबाईंना फोन करा.