उशिराच्या शुल्काचं पत्र: कलम ठेवा, धाक काढा

थकलेल्या बिलावर उशिराचं शुल्क मागण्यासाठी ग्राहकाला लिहिलेल्या तुमच्या पत्राच्या मसुद्यात ‘तुम्ही अटीचा भंग केला आहे, तात्काळ पैसे भरा, अन्यथा…’ असं आहे. यातला ‘तुम्ही’ आणि ‘अन्यथा’ आधी काढा. वाक्याचा कर्ता ग्राहक नको, बिल असू द्या. असं लिहून बघा:

‘१० जूनला देय असलेलं ४०,००० रुपयांचं बिल १० जुलैपर्यंत जमा झालेलं दिसत नाही. करारातील कलम ७ नुसार उशिरासाठी दरमहा १.५ टक्के शुल्क लागू होतं. एका महिन्याचे ६०० रुपये धरून एकूण देय रक्कम ४०,६०० रुपये आहे. रक्कम आधीच पाठवली असल्यास व्यवहार क्रमांक कळवावा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. पैसे खरंच वाटेत असतील तर समोरच्याचा मान राहतो.

मात्र नरमाईच्या भरात ‘थोडंसं शुल्क’, ‘शक्य झाल्यास’ असलं काही घालू नका. त्याने शुल्क ऐच्छिक वाटतं आणि हिशेबनीस ते सरळ वगळून मूळ रक्कमच पाठवतो. कलमाचे शब्दही जसेच्या तसे तपासा. अपुऱ्या महिन्याचं शुल्क दिवसांवर काढायचं की पूर्ण महिन्याचं, हे तिथे लिहिलेलं नसेल तर वाद तिथूनच सुरू होतो.